घर मालकाचं, ताबा भाडेकरूचा

अकरा महिन्यांचा करार संपतो, भाडेकरू जागा सोडत नाही, डिपॉझिटवरून वाजतं, आणि मग एके दिवशी दोघांपैकी कुणीतरी पोलीस चौकीत जाऊन सांगतं, "साहेब, घुसखोरी झाली." मालक म्हणतो, मुदत संपल्यावरही हा माझ्या घरात राहतोय, म्हणजे घुसखोरच. भाडेकरू म्हणतो, मी नसताना मालक कुलूप उघडून आत शिरला, म्हणजे घुसखोर तो. चौकीतलं ठरलेलं उत्तर दोघांनाही सारखंच मिळतं : हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. हे उत्तर मालकाच्या बाबतीत बहुतेक वेळा बरोबर असतं आणि भाडेकरूच्या बाबतीत पुष्कळदा चूक असतं. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण घर कुणाच्या नावावर आहे यावरून घुसखोर ठरतो अशी आपली पक्की समजूत असते. कायदा मात्र मालकीकडे पाहतच नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनी कलमं ४४१ आणि ४४२ आता कलम ३२९ मध्ये एकत्र आहेत. आकडे बदलले, व्याख्या जवळजवळ तीच राहिली. दुसऱ्याच्या ताब्यात असलेल्या मालमत्तेत गुन्हा करण्याच्या उद्देशाने, किंवा ताबा असलेल्या माणसाला धमकावण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या उद्देशाने प्रवेश करणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. प्रवेश कायदेशीर असला, पण नंतर याच उद्देशाने बेकायदा तिथे थांबून राहिलं, तरी ते अतिक्रमणच. जागा राहतं घर असेल तर ते गृह-अतिक्रमण होतं आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सगळी व्याख्या दोन गोष्टींवर उभी आहे : ताबा आणि उद्देश. मालकी हा शब्द तिच्यात नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६ असा अकरा महिन्यांचा, भाडं दरमहा २२ हजार, डिपॉझिट ६० हजार. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. भाडेकरू म्हणतो, ते डिपॉझिटमधून वळतं करा. मालक म्हणतो, आधी भाडं द्या, मग घर सोडा. एप्रिल संपला तरी कुटुंब तिथेच. ९ मे रोजी ते लग्नासाठी साताऱ्याला जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आपल्याकडच्या डुप्लिकेट चावीने लॅच उघडतो, दोन हमालांकडून सामान खाली पार्किंगमध्ये ठेवतो, टीव्ही मात्र आपल्या घरी नेतो, दाराला नवं कुलूप लावतो आणि भाडेकरूला व्हॉट्सॲपवर लिहितो, "सामान खाली आहे. टीव्ही थकबाकी दिल्यावर मिळेल." आपल्या दृष्टीने त्याने आपलंच घर परत घेतलेलं आहे.

पहिला प्रश्न, १० मे रोजी ताबा कुणाचा होता? करार संपून दहा दिवस झाले होते. माणसं साताऱ्यात होती. तरीही ताबा भाडेकरूचाच होता. ताबा म्हणजे प्रत्यक्ष धरलेली जागा : सामान आत आहे, चावी खिशात आहे, परत यायचं नक्की आहे. गावाला गेल्याने तो सुटत नाही आणि कराराची तारीख उलटल्यानेही आपोआप मालकाकडे जात नाही. मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क जातो, पण प्रत्यक्ष ताबा उरतो, आणि तो काढून घेण्याचा मार्ग न्यायालयातून जातो. प्रिव्ही कौन्सिलने १९२४ सालीच म्हटलं होतं की भारतात कुणालाही बळाने ताबा घेता येत नाही, ज्याला हक्क आहे त्याने तो न्यायालयामार्फत मिळवावा. सर्वोच्च न्यायालयाने लल्लू यशवंत सिंह प्रकरणात जमीनमालक आणि कूळ यांच्यासंदर्भात हेच सांगितलं. पुढे १९८९ साली कृष्णा राम महाले प्रकरणात ते आणखी स्पष्ट केलं : परवानगीने जागेत असलेल्या माणसाची मुदत संपली असली तरी त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं. भाडेकरू आणि लायसन्सी यांच्या हक्कांत बराच फरक आहे, पण या एका बाबतीत दोघांनाही सारखंच संरक्षण आहे.

पेइंग गेस्टच्या बाबतीत थोडं थांबून पाहावं लागतं. मालकीणबाई त्याच घरात राहतात, खोलीची चावी त्यांच्याकडेही असते, साफसफाईसाठी रोज कुणीतरी आत जातं. अशा खोलीचा ताबा नेमका कुणाचा, हे तिच्यावर प्रत्यक्ष नियंत्रण कुणाचं यावरून ठरतं. स्वतंत्र फ्लॅटमध्ये हा प्रश्न सहसा उरत नाही.

ताबा ठरला की खरी अडचण येते ती उद्देशाची. मालकाचा वकील न्यायालयात काय म्हणेल हे सांगता येतं : "माझ्या अशिलाला कुणाला त्रास द्यायचा नव्हता, त्याला फक्त आपलं घर परत हवं होतं." हा युक्तिवाद पोकळ नाही. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रवेशामागचा मुख्य हेतू कोणता होता ते पाहायचं. आपल्या कृतीने समोरच्याला त्रास होईल हे माहीत असणं आणि त्रास देण्यासाठीच ती कृती करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसती पहिली पुरेशी नाही. आपला हक्क आहे असं प्रामाणिकपणे समजून कुणी मोकळ्या दिसणाऱ्या जागेत शिरला, तर त्याची समजूत चुकीची असली तरी तो गुन्हेगार ठरेलच असं नाही. म्हणून अशा खटल्यांत निकाल बहुधा आजूबाजूच्या वागण्यावरून लागतो. माणसं गावाला जाण्याची वाट पाहिली होती का? आधी धमक्यांचे निरोप होते का? सामान कसं हलवलं? आणि आत शिरून दुसरा एखादा गुन्हा करायचा होता का? व्याख्येतल्या "गुन्हा करण्याच्या उद्देशाने" या भागासाठी त्रास देण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

आपल्या उदाहरणात टीव्ही महत्त्वाचा ठरतो तो इथे. थकबाकीपोटी वस्तू अडकवून ठेवली, परत तर देणारच होतो, मग ही चोरी कशी, असं मालकाला मनापासून वाटतं. पण चोरीच्या कलमाखाली कायद्यानेच दिलेल्या उदाहरणांत नेमका असा एक प्रसंग आहे : दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून, पैसे मिळेपर्यंत अडकवून ठेवण्यासाठी उचलणं. त्याला कायदा चोरी म्हणतो. भाड्याची थकबाकी वसूल करायची तर दावा करावा लागतो, भाडेकरूची वस्तू स्वतःच उचलून आणण्याची मुभा मालकाला नाही. टीव्ही नेण्याच्या उद्देशानेच तो आत शिरला असं दिसलं, तर "मला घर परत हवं होतं" हा बचाव बराच लंगडा पडतो. व्हॉट्सॲपवरचं ते एक वाक्य त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतं, आणि ते त्याने स्वतःच लिहून दिलेलं असतं.

आता घरफोडीकडे. पहार घेऊन रात्री आलेला चोर डोळ्यासमोर येतो, पण कायद्याची घरफोडी त्यापेक्षा फार रुंद आहे. न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये तिचे सहा प्रकार आहेत, त्यात भिंत फोडणं आहे, खिडकीतून चढणं आहे, दारावरच्या माणसाला ढकलून किंवा मारण्याची धमकी देऊन आत जाणं आहे, आणि कुठलंही कुलूप उघडून आत जाणंही आहे. कुलूप तोडायलाच हवं असं नाही. या कलमाच्या उदाहरणांत घरमालकाची हरवलेली चावी सापडलेला माणूस येतो : त्याने त्याच चावीने दार उघडून गृह-अतिक्रमण केलं तर ती घरफोडी. तेव्हा डुप्लिकेट चावी आधीपासून माझ्याकडेच होती, हा बचाव घरफोडीपुरता उपयोगाचा नाही. मात्र नीट लक्षात घ्यायला हवं की गृह-अतिक्रमण सिद्ध झालं तरच ते घरफोडी होतं. उद्देशाचा पाया नसेल तर नुसतं कुलूप उघडणं हा गुन्हा नाही. पाइप फुटून खालच्या मजल्यावर पाणी गळतंय म्हणून भाडेकरूला फोन करून, शेजाऱ्यांसमोर दार उघडणारा मालक घरफोड्या होत नाही.

शिक्षेतला फरकही थोडाथोडका नाही. साध्या गृह-अतिक्रमणाचा गुन्हा जामीनपात्र आहे. घरफोडीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केली तर तीन वर्षांपर्यंत, आणि तो अजामीनपात्र आहे. घरफोडी चोरीसाठी केली असेल तर दिवसा दहा आणि रात्री चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कोथरूडच्या मालकाला इतकी शिक्षा होईल असं मी म्हणत नाही. न्यायालयं प्रमाण पाहतात, आणि अशी प्रकरणं पुष्कळदा तडजोडीत मिटतात. पण दोन महिन्यांचं भाडं म्हणजे ४४ हजार रुपये वसूल करायला निघालेला माणूस अटकपूर्व जामिनाच्या अर्जापर्यंत पोहोचू शकतो, आणि तिथवर नेणारी कृती काही मिनिटांची असते.

कुलूप न लावता वीज-पाणी तोडून भाडेकरूला हैराण करणारे मालकही असतात. त्यात घरात प्रवेश नाही, म्हणून सहसा अतिक्रमणही नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम २९ मध्ये पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट अशा आवश्यक सेवा तोडणं किंवा रोखणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि सेवा पूर्ववत करून घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्जही करता येतो. त्याच कायद्याचं कलम २८ मालकाला जागेची पाहणी करण्याचा हक्क देतं, मात्र आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. आपल्याच घरात डोकावायला सूचना कशाला, हा अनेक मालकांचा राग मी ऐकलेला आहे. ते घर सध्या दुसऱ्या कुटुंबाचं राहतं घर आहे, तिथे कपडे वाळत असतात, मुलं झोपलेली असतात, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

आता उलट बाजू. मुदत संपूनही जागा न सोडणारा भाडेकरू अतिक्रमणाचा गुन्हेगार आहे का? बहुतेक वेळा नाही. तो आत शिरला तेव्हा मालकाच्या परवानगीने शिरला. नंतर त्याचं राहणं बेकायदा झालं असेल, पण व्याख्या तेवढ्यावर थांबत नाही. धमकावण्यासाठी, अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठीच तो थांबला आहे हे दाखवावं लागतं. डेहराडूनच्या एका घरावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं कंवल सूद विरुद्ध नवल किशोर हे प्रकरण इथे उपयोगी आहे. मूळ मालकाच्या परवानगीने एक बाई त्या घरात राहत होत्या. मालकाने ते घर एका संस्थेला बक्षीस दिलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर संस्थेने जागा सोडायला सांगितलं, बाईंनी सोडली नाही, तेव्हा त्यांच्यावर फौजदारी खटला भरला गेला. १९८३च्या निकालसंग्रहांत आलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. प्रत्येक अतिक्रमण फौजदारी नसतं. परवानगी संपली असेल तर जागा परत मिळवण्याचा उपाय दिवाणी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

मालकांना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यांची चीड मला समजते. निवृत्तीनंतर एका फ्लॅटच्या भाड्यावर जगणाऱ्या माणसाला कोर्टाची पायरी दाखवणं सोपं नाही. पण न सोडणारा प्रत्येक भाडेकरू गुन्हेगार ठरू लागला तर डिपॉझिट परत न मिळाल्याने अडून राहिलेलं कुटुंबही कोठडीच्या धाकाने बाहेर पडेल. "उद्यापर्यंत खोली रिकामी करा, नाहीतर आत टाकतो" असं काही वेळा चौकीतून सांगितलं जातं. जागा रिकामी करण्याचा आदेश देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

भाडेकरू गुन्हेगार होतो तो मात्र एका ठरावीक क्षणानंतर. समजा मालकाने रीतसर आदेश मिळवला, वॉरंट घेऊन बेलिफ आला, पंचनामा करून सामान बाहेर काढलं आणि चावी मालकाच्या हातात दिली. त्या क्षणी ताबा बदलला. आता तोच माजी भाडेकरू रात्री कुलूप उचकटून परत आत शिरला, तर कालपर्यंतच्या वहिवाटीचा हवाला त्याला वाचवणार नाही. दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात तो शिरलेला आहे, आदेशाची त्याला पूर्ण माहिती आहे, आणि कुलूप उचकटलेलं आहे.

कोथरूडच्या भाडेकरूकडे पुन्हा येऊ. ११ मे रोजी तो परत आला, दाराला परकं कुलूप दिसलं. ते फोडून आत जाण्याचा मोह त्याने आवरावा, कारण त्याने प्रकरण दोन्हीकडून सारखं दिसू लागतं. ११२ ला फोन करावा, कुलपाचे, पार्किंगमधल्या सामानाचे तारीख दिसणारे फोटो काढावेत, सोसायटीच्या सचिवांना सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला त्याच दिवशी लेखी कळवावं, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. तक्रारीत "मालकाने त्रास दिला" असं लिहिण्यापेक्षा कृती क्रमाने लिहाव्यात : माझा ताबा होता, माझ्या संमतीवाचून कुलूप उघडलं, ही वस्तू नेली, पैसे दिल्याशिवाय देणार नाही असं लिहून कळवलं. गृह-अतिक्रमण आणि घरफोडी दोन्ही दखलपात्र गुन्हे आहेत. तक्रारीतून असा गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी ती नोंदवून घ्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालच्या ललिता कुमारी निकालात सांगितलं आहे. चौकीने नकार दिला तर तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, पुणे-मुंबईसारख्या आयुक्तालयात उपायुक्तांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

फौजदारी तक्रारीने मालकाला शिक्षा होईल, पण घर लगेच परत मिळेलच असं नाही, आणि भाडेकरूला खरं तर घर हवं असतं. त्यासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याचं कलम ६ आहे. ज्याला संमतीशिवाय आणि कायद्याची प्रक्रिया टाळून बाहेर काढलं, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा करायचा. न्यायालय यात मालकी कुणाची हे पाहत नाही. ताबा होता का आणि तो बेकायदा काढला का, एवढंच पाहतं. या निकालावर अपील नाही. सहा महिने उलटले की हा सरळ रस्ता बंद होतो, आणि पोलिसांकडे हेलपाटे घालण्यात तो काळ सहज निघून जातो. म्हणून वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात जावं.

मालकालाही ३० एप्रिलनंतर रस्ता होता. राहत्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्ससाठी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत भाडेकरूने लढण्याची परवानगी मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. शिवाय मुदत संपल्यापासून जागा ताब्यात मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, म्हणजे इथे महिन्याला ४४ हजार. करार नोंदवलेला नसेल तर मात्र अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोडून काढण्याचं ओझं मालकावर पडतं. शिवाय नोंदणी करणं ही जबाबदारीही कायद्याने मालकावरच टाकलेली आहे.

आणि दोघांत समजुतीने जागा सुटत असेल तर चावी नुसती वॉचमनकडे ठेवू नये. "अमुक तारखेला अमुक वाजता जागेचा शांततापूर्ण ताबा दिला, सर्व चाव्या दिल्या, आत माझी कोणतीही वस्तू नाही, डिपॉझिटपैकी इतकी रक्कम मिळाली" असं दोन प्रतींवर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा. ही ताबापावती झाल्यावर मालकाने कुलूप बदललं तरी तो आपल्याच ताब्यातल्या घराचं कुलूप बदलत असतो.